हफमन संकेतन वृक्ष आणि संदेशाची सांकेतिक लांबी

संदेशातील चिन्हांच्या वारंवारतेवरून बांधला जाणारा द्विमान वृक्ष. वारंवार येणाऱ्या चिन्हाला आखूड आणि क्वचित येणाऱ्याला लांब संकेत मिळतो. चिन्हे फक्त पानांवर असतात, त्यामुळे कोणताही संकेत दुसऱ्या संकेताचा आरंभ ठरत नाही आणि बिटांची सलग ओळ मध्ये खुणा न घालता उलगडता येते. मुंबई विद्यापीठाच्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमात ‘डेटा स्ट्रक्चर्स’ या विषयात द्विमान वृक्षाचा एक उपयोग म्हणून ही पद्धत शिकवली जाते.

पद्धतीचा उगम डेव्हिड हफमन (१९२५–१९९९) यांच्याकडे जातो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत रॉबर्ट फानो यांच्या वर्गात विद्यार्थ्यांना अंतिम परीक्षा किंवा निबंध यांतून निवड करता येत असे. हफमन यांनी निबंध घेतला, हे १९५१ च्या सुमारास. निबंधाचा विषय म्हणजे कमीत कमी बिटांचा संकेत शोधणे, आणि त्याचे पूर्ण उत्तर तेव्हा खुद्द फानो यांच्याकडेही नव्हते. लेख सप्टेंबर १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधीच्या पद्धतीला ‘शॅनन–फानो’ असे जोडनाव देण्याची प्रथा आहे, पण त्या दोन वेगळ्या रीती समजणे अधिक योग्य. शॅनन (१९४८) प्रत्येक चिन्हाच्या संभाव्यतेवरून थेट संकेताची लांबी ठरवतात. फानो (१९४९) उतरत्या क्रमाची यादी शक्य तितक्या सारख्या वजनाच्या दोन भागांत वरून खाली फोडत जातात. हफमन सर्वांत हलकी दोन चिन्हे जोडत खालून वर येतात, आणि किमान लांबीची खात्री याच रीतीत आहे. १५, ७, ६, ६, ५ अशा वारंवारता घेतल्या तर फानो यांच्या विभागणीने ८९ बिट लागतात, हफमनच्या जोडणीने ८७.

अग्रक्रम रांग म्हणजे प्रायॉरिटी क्यू, जिच्यातून सर्वांत हलकी नोंद आधी निघते, ही मात्र पद्धतीची मूळ साथीदार नव्हे. अशी रांग ज्यावर चालवतात ती हीप ही रचना विल्यम्स यांनी मांडली ती १९६४ मध्ये. हफमनच्या लेखात प्रत्येक जोडणीनंतर यादी नव्याने क्रमाने लावली जाते. आज पाठ्यपुस्तकांत हे दोन्ही इतके एकजीव झाले आहेत की हा बारा वर्षांचा फरक सहसा लक्षात येत नाही. वारंवारता आधीच क्रमाने लावलेल्या असतील तर हीपचीही गरज नाही, दोन साध्या रांगा पुरतात, हे व्हान ल्यूवेन यांनी १९७६ मध्ये दाखवले.

सुरुवातीला प्रत्येक चिन्ह हे रांगेतले एक शिखर, म्हणजे वृक्षाचा नोड, आणि त्याची वारंवारता हे त्याचे वजन. रांगेतून सर्वांत हलकी दोन शिखरे काढायची, त्यांच्या बेरजेचे नवे शिखर करून रांगेत टाकायचे, आणि एकच शिखर उरेपर्यंत हेच चालू ठेवायचे. n वेगळी चिन्हे असतील तर n−१ जोडण्या होतात. मुंबईतल्या कोणत्याही वडापावच्या गाडीवर दिसणारा ‘बटाटावडा’ हा शब्द घेऊ. युनिकोडमध्ये त्याची चिन्हे आठ : काना ३ वेळा, ट २ वेळा, आणि ब, व, ड प्रत्येकी एकदा. प्रथम ब आणि व जोडून २ चे शिखर होते. रांगेत आता १, २, २, ३ आहेत. ड (१) निघणार हे नक्की. त्याच्या जोडीला ट की नवे शिखर, दोघांचे वजन २ च. काहीही घेतले तरी बेरीज ३. पुढची जोडणी ५ ची आणि शेवटची ८ ची.

सांकेतिक लांबी काढायला संकेत लिहून काढण्याची गरज नसते. पान मुळापासून जितक्या पायऱ्या खाली, तितके त्याच्या संकेतात बिट. आणि तितक्याच जोडण्यांच्या बेरजेत त्याचे वजन मोजले गेलेले असते. म्हणून सर्व जोडण्यांच्या बेरजांची बेरीज हीच संदेशाची लांबी : २ + ३ + ५ + ८ = १८ बिट. पाच चिन्हांना एकसारख्या लांबीचे संकेत दिले तर प्रत्येकी ३ प्रमाणे २४ लागले असते. माहिती-सिद्धांताची खालची मर्यादा इथे सुमारे १७.२५ आहे, संकेत पूर्ण बिटांचेच असावे लागतात, म्हणून उरलेला पाऊण बिट टळत नाही.

```python
import heapq
from collections import Counter

h = list(Counter("बटाटावडा").values())
heapq.heapify(h)
total = 0
while len(h) > 1:
    s = heapq.heappop(h) + heapq.heappop(h)
    total += s
    heapq.heappush(h, s)
print(total)   # 18
```

वर बरोबरीच्या जागी केलेल्या निवडीने एकूण लांबी बदलत नाही, वृक्ष मात्र बदलतो. ड ला ट जोडला तर सर्वांत लांब संकेत ३ बिटांचा येतो. ड ला ब-व चे शिखर आणि मग त्या नव्या ३ ला ट जोडला, तर काना एका बिटात बसतो, पण ब आणि व चार बिटांचे होतात :

```
ा=0  ट=10  ड=110  ब=1110  व=1111
1110 10 0 10 0 1111 110 0
```

मोजून पाहिले तर हेही १८ च. बरोबरी असताना जुने शिखर आधी काढावे, म्हणजे सर्वांत लांब संकेत शक्य तितका आखूड राहतो. ही बाब श्वार्त्झ यांनी १९६४ मध्ये सिद्ध केली. ती केवळ टापटिपीची नाही : डिफ्लेट या संकोचन-स्वरूपात संकेताला १५ बिटांची मर्यादा आहे आणि फार खोल वृक्ष तिथे चालत नाही. विद्यार्थ्यांच्या उत्तरांत संकेत वेगळे येऊनही दोघे बरोबर असू शकतात; तपासायचे ते एकूण बिट आणि उपसर्गमुक्तता, म्हणजे कोणताही संकेत दुसऱ्याचा आरंभ नसणे. पायथॉनमध्ये वृक्षही ठेवायचा असल्यास रांगेत वजन आणि शिखर यांची जोडी टाकली, तर वजने सारखी निघताच शिखरांची तुलना होऊ पाहते आणि प्रोग्रॅम `TypeError` देऊन थांबतो. मध्ये वाढता क्रमांक ठेवला की अडचण मिटते आणि जुने शिखरही आधी निघते, कारण सुरुवातीची पाने लहान क्रमांकाची असतात.

देवनागरीत चिन्ह कशाला म्हणायचे यावर उत्तर सर्वाधिक अवलंबून असते, आणि इंग्रजी उदाहरणांवर बेतलेल्या पुस्तकांत हा प्रश्न उद्भवतच नाही. वाचक पाहतो तशी अक्षरे धरली (ब, टा, टा, व, डा) तर जोडण्या २, ३, ५ आणि लांबी १० बिट. यूटीएफ-८ चे बाइट धरले तर प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट होतात; पहिले दोन, `E0` आणि `A4`, आठही चिन्हांत तेच. तिसऱ्या बाइटांचा वृक्ष १८ बिटांचा राहतो, पण त्याचे आठ वजनाचे मूळ त्या दोन आठांशी जोडताना १६ आणि २४ ची भर पडते : एकूण ५८ बिट. मूळ शब्द १९२ बिटांचा, म्हणून ५८ हीदेखील मोठी बचत वाटते. पण त्यातले ४० बिट वाचकाला काहीही नवे न सांगणाऱ्या बाइटांना वेगळे ओळखण्यातच जातात. उलट अक्षरे धरल्यास मोठ्या मजकुरात वेगळ्या चिन्हांची संख्या, आणि तिच्यासोबत संकेतांचा तक्ता, फुगतो.

हा तक्ता वरच्या कोणत्याही बेरजेत धरलेला नाही. उलगडणाऱ्याकडे तो असावाच लागतो, आणि एका शब्दासाठी तो संदेशापेक्षा मोठा होतो. डिफ्लेटमध्ये वृक्षाऐवजी फक्त संकेतांच्या लांब्या पाठवतात आणि ठरलेल्या क्रमाने संकेत पुन्हा उभे करतात. एकच चिन्ह पुन्हापुन्हा येणाऱ्या संदेशात जोडणीच होत नाही आणि वरचा प्रोग्रॅम ० दाखवतो; तेथे त्या चिन्हाला एक बिट देण्याचा अपवाद प्रोग्रॅममध्ये हाताने घालावा लागतो.