अंकपाशापासून सम संख्यांच्या मोजणीपर्यंत: पार्श्वभूमी

दिलेल्या अंकांपासून किती संख्या तयार होतात, हा प्रश्न भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या 'लीलावती'त 'अंकपाश' या प्रकरणात पद्धतशीरपणे हाताळला आहे. अंक निराळे असतील, तर एकपासून स्थानांच्या संख्येपर्यंतच्या अंकांचा गुणाकार करावा, हा त्यांचा पहिला नियम होय. त्यानुसार २ ते ९ या आठ अंकांपासून ४०,३२० संख्या मिळतात. अंक पुन्हा येत असतील, तर सारख्या अंकांच्या आपापसांतील मांडण्यांनी भागावे लागते. म्हणूनच २, २, १, १ यांपासून २४ नव्हे, तर ६ संख्याच तयार होतात. या प्रकरणात गुणाकार, भागाकार, वर्ग किंवा घन यांपैकी काहीच विचारलेले नाही, तरीही गर्विष्ठ गणकांचा येथे पाडाव होतो, असे भास्कराचार्य बजावतात.

आजच्या प्रश्नांशी अधिक जवळचे आहे ते त्यांचे आणखी एक उदाहरण: सहा स्थानांत सर्व अंक वेगवेगळे असलेल्या संख्या किती? नियम असा की, नऊपासून एकेक कमी करत जितकी स्थाने तितके अंक गुणावेत; उत्तर येते ९ × ८ × ७ × ६ × ५ × ४ = ६०,४८०. येथे शून्य वगळलेले आहे, आणि त्यामुळेच गुणाकाराची साखळी इतकी सरळ राहते. शून्य घेतले, की ते पहिल्या स्थानी चालत नाही, पण दुसऱ्या स्थानापासून चालते; तेव्हा ९ × ९ × ८ × ७ × ६ × ५ = १,३६,०८० असे उत्तर मिळते.

संख्या सम असावी किंवा पाचने भाग जावा, या अटी एकक स्थानाला बांधतात, तर शून्याची अट पहिल्या स्थानाला. खरी अडचण या दोन्ही अटी शून्यावर एकत्र येतात तेव्हा होते. ०, १, २, ३, ४, ५ यांपासून अंकांची पुनरावृत्ती न करता चार अंकी सम संख्या किती, हे पाहू. एककस्थानी ०, २, ४ असे तीन पर्याय आहेत म्हणून ३ ने सुरुवात केली, तर पहिल्या स्थानासाठी किती अंक उरतात ते एकाच आकड्यात सांगता येत नाही: एककस्थानी ० असेल तर पाच, २ किंवा ४ असेल तर चारच. सरसकट पाच धरले, तर ३ × ५ × ४ × ३ = १८० हे चुकीचे उत्तर येते. म्हणून दोन प्रकार वेगळे करावे लागतात. एककस्थानी ० असताना ५ × ४ × ३ = ६० संख्या मिळतात आणि २ किंवा ४ असताना २ × ४ × ४ × ३ = ९६; एकूण १५६. पाचने भाग जाणाऱ्या संख्यांसाठीही हीच विभागणी लागते: ६० + ४८ = १०८.

पडताळा विषम संख्यांवरून घेता येतो. त्यांचे एककस्थान १, ३ किंवा ५ असते, तेथे शून्याचा प्रश्न नाही, म्हणून त्या ३ × ४ × ४ × ३ = १४४ आहेत. कोणतीही अट न घालता चार अंकी संख्या ५ × ५ × ४ × ३ = ३०० होतात, आणि १५६ व १४४ यांची बेरीजही तेवढीच येते.