जॉब डिस्क्रिप्शन आणि एजन्सीला द्यायचा ब्रीफ

जागा रिकामी झाली की कंपनीतला जुना जेडी, म्हणजे जॉब डिस्क्रिप्शन, शोधायचा, त्यावरची तारीख बदलायची आणि तो रिक्रूटमेंट एजन्सीला मेल करून ब्रीफ दिला असे समजायचे, ही कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या अनेक कारखान्यांची रीत आहे, आमचीही होती. वस्तुतः जेडी उमेदवाराने वाचायचा असतो आणि त्यात काम काय आहे ते लिहिलेले असते. ब्रीफ एजन्सीच्या रिक्रूटरसाठी असतो आणि आलेल्या बायोडेटांपैकी कोणता पुढे पाठवायचा व कोणता बाजूला ठेवायचा, हे त्याला त्यावरून ठरवता आले पाहिजे.

आमच्या फाउंड्रीला क्वालिटी इंजिनिअर हवा होता. जेडीत ‘बी. ई. मेकॅनिकल, 5 ते 8 वर्षांचा अनुभव, सीएमएमचे ज्ञान, पीपीएपीची माहिती, उत्तम संवादकौशल्य’ असे लिहिले होते. सीएमएम म्हणजे भागांची मापे तपासणारे यंत्र आणि पीपीएपी म्हणजे नव्या भागाच्या उत्पादनाला ग्राहकाची मंजुरी मिळवण्याची प्रक्रिया. त्यातले काहीही खोटे नव्हते, परंतु त्या वर्णनात चाकणच्या प्रेस शॉपमधला माणूसही बसत होता आणि प्लॅस्टिक मोल्डिंगमधलाही. एजन्सीने तसेच बायोडेटा पाठवले आणि प्लांट हेडनी ते परत केले. दोष एजन्सीचा नव्हता.

दुसऱ्या खेपेस आम्ही प्लांट हेडना एकच प्रश्न विचारला: कोणती गोष्ट येत नसेल तर तुम्ही उमेदवाराला भेटणारसुद्धा नाही? उत्तरे दोनच आली. कास्टिंग हातात घेतल्यावर ब्लो होल कोणते आणि श्रिंकेज कोणते हे त्याला सांगता आले पाहिजे, कारण पहिल्यात वायू अडकलेला असतो आणि दुसऱ्यात धातू गोठताना कमी पडलेला असतो, आणि दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. तसेच ग्राहकाला सादर करायची पीपीएपी फाइल त्याने स्वतः तयार केलेली असावी. सीएमएम चालवणारा ऑपरेटर आमच्याकडे आधीच होता, त्यामुळे ती अट ‘असल्यास बरे’ या वर्गात गेली. पदवीबाबतही प्लांट हेडनी डिप्लोमाधारक चालेल असे सांगितले. अत्यावश्यक अटी दोन-तीनच असाव्यात, असे माझे मत आहे. सातवी अट लिहिली की रिक्रूटर त्यातल्या कोणत्या पाळायच्या ते स्वतःच्या अंदाजाने ठरवू लागतो.

कामाची व्याप्तीही ब्रीफमध्ये निराळ्या रीतीने सांगावी लागते. जेडीत ‘गुणवत्ता विभागाची जबाबदारी’ एवढेच असते. ब्रीफमध्ये त्याच्या हाताखाली चार इन्स्पेक्टर असतील, ग्राहकाच्या ऑडिटला तोच उभा राहील, मात्र मेल्टिंगच्या निर्णयात त्याचा शब्द अंतिम नसेल, हे स्पष्ट लिहिले. जागा का रिकामी झाली हेही लिहिले. शेजारच्या कोणत्या कारखान्यांतून माणूस उचलू नये याची यादी मात्र जेडीत कधीच येऊ शकत नाही, कारण मालक मंडळींचे एकमेकांकडे रोजचे येणे-जाणे असते.

सर्वाधिक गोंधळ पगाराचा होतो. ‘6 लाख’ म्हटले की आपल्या मनात सीटीसी, म्हणजे त्या माणसावर होणारा कंपनीचा एकूण वार्षिक खर्च, असते आणि उमेदवाराच्या मनात हातात येणारे 50,000. आमच्या रचनेत महिन्याच्या 50,000 पैकी मूळ पगार 25,000 आहे. त्यावर कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा 12 टक्के वाटा 3,000 आणि ग्रॅच्युइटीची 4.81 टक्के तरतूद सुमारे 1,200 होते. हे दोन्ही वजा जाऊन 45,800 उरतात, त्यातून कर्मचाऱ्याचे स्वतःचे 3,000 आणि व्यवसाय कराचे 200 गेले की हातात साधारण 42,600 पडतात. ब्रीफमध्ये आम्ही 5.4 ते 6.6 लाख हा पट्टा दिला, हा हिशेब जोडला आणि 6 लाखांच्या वर फाउंड्रीतला अनुभव असेल तरच जाऊ, असेही लिहिले. पट्ट्याचे वरचे टोक कशासाठी आहे हे न सांगितल्यास प्रत्येक उमेदवाराची मागणी तिथूनच सुरू होते.

मुदतीचा हिशेब उलटा मांडावा. नव्या भागाचे पीपीएपी 1 जुलैला द्यायचे होते, म्हणून माणूस 15 जूनला रुजू व्हायला हवा. नोटीस पिरियड 60 दिवसांचा धरला तर त्याचा राजीनामा एप्रिलच्या मध्यापर्यंत पडला पाहिजे, ऑफर त्याआधी आठवडाभर हातात हवी आणि मुलाखतींच्या दोन फेऱ्यांना दोन आठवडे लागतात. म्हणजे पहिले बायोडेटा मार्चच्या चौथ्या आठवड्यात यायला हवेत. 90 दिवसांची नोटीस असलेला उमेदवार या वेळापत्रकात बसत नाही, तेव्हा नोटीसचे उरलेले दिवस कंपनी विकत घेणार की नाही हेही ब्रीफमध्येच ठरवून टाकावे. आमची साप्ताहिक सुट्टी सोमवारी असल्याने मुलाखती रविवारी ठेवल्या. पुण्यात रविवारची सुट्टी असलेली नोकरी करणारा इचलकरंजीचा मुलगा त्या दिवशी रजा न टाकता येऊ शकतो. प्लांट हेडनी टेबलावर तीन नापास कास्टिंग मांडून ठेवली होती आणि मुलाखतीचा पहिला प्रश्न त्यांवरच होता.