इन्व्हर्टरवरचे दोन आकडे आणि घराचा लोड

इन्व्हर्टरच्या लेबलवर १ केव्हीए असं ठळक छापलेलं असतं आणि त्याखाली बारीक अक्षरांत ८०० वॅट. केव्हीए म्हणजे हजार, तेव्हा हजार वॅटची इस्त्री चालायला हरकत नाही, असा हिशेब बरेच जण करतात. मग वीज गेल्यावर इस्त्री लावली की काही सेकंदांतच बीप बीप होतं, ओव्हरलोडचा दिवा लागतो आणि सगळं घर अंधारात जातं. इन्व्हर्टर बिघडलेला नसतो. लेबलवर दोन मर्यादा लिहिलेल्या आहेत आणि इस्त्रीने त्यातली दुसरी ओलांडलेली असते.

या दोन मर्यादा यंत्राच्या दोन बाजूंना लागू होतात, असं ढोबळमानाने समजावं. व्हीए म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. २३० व्होल्टवर १००० व्हीए म्हणजे साधारण ४.३ अँपिअर. घराकडे जाणारा यापेक्षा जास्त प्रवाह आउटपुटच्या वायंडिंगला आणि ट्रान्झिस्टरना सोसत नाही, मग त्या प्रवाहाने प्रत्यक्ष काम किती केलं याच्याशी तारेला देणंघेणं नसतं. ती तेवढीच तापते. वॅट म्हणजे प्रत्यक्ष खर्ची पडणारी शक्ती, आणि ती बॅटरीतून यावी लागते. बॅटरीच्या बाजूला व्होल्ट फक्त १२ आहेत, म्हणून तिथे अँपिअर प्रचंड वाढतात.

८०० वॅट बाहेर द्यायचे आणि इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर बॅटरीतून सुमारे ९४० वॅट उचलावे लागतात. म्हणजे ७८ अँपिअर. बॅटरी उतरत १०.८ व्होल्टवर आली की तेवढ्याच लोडसाठी ८७ अँपिअर. इस्त्रीचे हजार वॅट असतील तर सुरुवातीलाच ९८ अँपिअर लागतात. एखादं टर्मिनल सैल किंवा गंजलेलं असेल आणि त्या सांध्याचा रोध ५ मिलिओहम, म्हणजे एका ओहमचा दोनशेवा भाग असेल, तर ७८ अँपिअरला त्या एका जागी ३० वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंग आयर्न साधारण तेवढ्याच वॅटची असते. २३० व्होल्टच्या बाजूला असाच सांधा असता तर ४.३ अँपिअरला तिथे वॅटचा दहावा भागही सुटला नसता. म्हणून पूर्ण लोडवर चालणाऱ्या इन्व्हर्टरमध्ये पहिली खूण बहुतेक वेळा बॅटरीच्या टर्मिनलवर दिसते: वायरच्या टोकाचं प्लॅस्टिक मऊ पडतं, काळवंडतं, जळका वास येतो. असं दिसलं तर लोड बंद करावा, इन्व्हर्टरचा मेनचा प्लगही काढावा आणि मगच टर्मिनल साफ करून घट्ट करून घ्यावं. तिथला फ्यूज उडत असेल तर त्याजागी मोठा फ्यूज किंवा साधी तार बसवणं हा सरळ आगीला रस्ता आहे.

आता वॅट आणि व्हीए वेगळे का पडतात ते पाहू. इस्त्री, गीझर अशा केवळ तापणाऱ्या उपकरणांत दोन्ही आकडे सारखेच असतात. मोटर असलेल्या उपकरणात वायंडिंगभोवती चुंबकीय क्षेत्र उभं करायला ऊर्जा लागते, आणि क्षेत्र मावळताना ती परत फिरते. ५० हर्ट्झवर हे येणंजाणं सेकंदाला शंभरदा चालतं. काम शून्य, पण तारेतून प्रवाह गेलेलाच असतो. एलईडी बल्बचं कारण वेगळं आहे. त्याच्या आतला कपॅसिटर व्होल्टेजच्या शिखरापाशीच झटकन प्रवाह ओढतो आणि बाकीच्या वेळात जवळपास काहीच घेत नाही. वॅट भागिले व्हीए या गुणोत्तराला पॉवर फॅक्टर म्हणतात. साध्या एलईडी बल्बचा तो ०.५च्या आसपास असतो, चांगल्या बल्बचा ०.९पर्यंत जातो. लेबलवरचे १००० व्हीए आणि ८०० वॅट याचा अर्थ यंत्र ०.८ पॉवर फॅक्टर धरून बांधलं आहे.

एक घर घेऊ. ७५ वॅटचे चार पंखे म्हणजे ३०० वॅट, ३१५ व्हीए. ९ वॅटचे आठ बल्ब म्हणजे ७२ वॅट, पण १४४ व्हीए. टीव्ही ८० वॅट, ९० व्हीए. राउटर १० वॅट, २० व्हीए. बेरीज ४६२ वॅट आणि ५६९ व्हीए. खरं तर व्हीएची अशी सरळ बेरीज काटेकोर नाही, कारण प्रत्येक उपकरणाचा प्रवाह एकाच क्षणी शिखर गाठत नाही. पण चूक झाली तर आकडा जास्तीच येतो, कमी नाही, म्हणून घरच्या हिशेबाला ती सुरक्षित आहे. सतत चालणारा लोड दोन्ही मर्यादांच्या ८० टक्क्यांखाली ठेवावा, म्हणजे इथे ६४० वॅट आणि ८०० व्हीए. हे घर दोन्हींत बसतं.

यात १२० वॅटचा फ्रिज घालून पाहा. साध्या कॉम्प्रेसरचा पॉवर फॅक्टर ०.७ धरला तर तो सुमारे १७० व्हीए घेईल. बेरीज ५८२ वॅट, ७३९ व्हीए. कागदावर हेही बसतं. अडचण येते ती कॉम्प्रेसर सुरू होताना. थांबलेली मोटर फिरायला लागेपर्यंत नेहमीच्या पाच ते आठ पट प्रवाह घेते. सहा पट धरली तर फ्रिजचेच १०२० व्हीए, आणि बाकी घरासह जवळजवळ १६०० व्हीए. हा झटका एखाद्या सेकंदापेक्षाही कमी टिकतो. काही इन्व्हर्टर तो सोसतात, काही तिथेच ट्रिप होतात. सगळ्यात वाईट प्रकार मधला: इन्व्हर्टर ट्रिप होत नाही, पण व्होल्टेज इतकं खाली येतं की दिवे मंदावतात, कॉम्प्रेसर नुसता गुणगुणतो आणि काही सेकंदांनी त्याच्या मागचा ओव्हरलोड रिले ‘टक’ असा आवाज करून त्याला तोडतो. थोड्या वेळाने पुन्हा तेच. असं ऐकू आलं तर फ्रिज लगेच काढावा, नाहीतर वायंडिंग जळण्याची वेळ येते. हळू वेग घेणारा इन्व्हर्टर कॉम्प्रेसर असलेल्या फ्रिजला हा झटका फार कमी असतो.

घरातले खरे आकडे प्लगमध्ये बसणाऱ्या पॉवर मीटरवर मिळतात. तो वॅट, व्हीए आणि पॉवर फॅक्टर तिन्ही दाखवतो. मोजणी वीज असतानाच करावी, कारण स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर साधे मीटर चुकीचं वाचन देतात. क्लॅम्प मीटरने फक्त अँपिअर, म्हणजे व्हीए कळतात, आणि त्याचा जबडा एकाच तारेभोवती धरावा लागतो. पूर्ण केबलभोवती धरला तर जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना रद्द करून मीटर शून्य दाखवतो.

इन्व्हर्टर घेताना मॉडेलच्या नावातल्या आकड्यावर विसंबू नये. ११०० असं नाव असलेल्या यंत्राची खरी क्षमता ९०० व्हीए असू शकते. वॅट लिहिलेलेच नसतील तर व्हीएला ०.८ने गुणून येणारा आकडा धरावा.

बॅकअपचा हिशेब मात्र वॅटवरच होतो, कारण परत फिरणारी ऊर्जा बॅटरी संपवत नाही. त्यामुळे कमी पॉवर फॅक्टरच्या बल्बांनी बॅटरी लवकर उतरते हे खरं नाही. ते फक्त व्हीएची मर्यादा लवकर गाठतात.

वायरिंग तपासताना आणखी एक पाहावं. वीज असताना इन्व्हर्टर लोडला मेनची वीजच आतल्या रिलेतून सरळ पुढे देतो, म्हणून इन्व्हर्टरच्या लाइनवर चुकून जोडलेला गीझरचा किंवा मिक्सरचा पॉइंट तेव्हा बिनतक्रार चालू शकतो. चूक उघड होते ती वीज गेल्यावर. तपासणी सोपी आहे: वीज असताना इन्व्हर्टरची लाइन सोडून बाकी सगळे एमसीबी खाली करा आणि कोणते पॉइंट चालू राहतात ते टेस्ट लॅम्पने पाहा. त्यात १६ अँपिअरचा सॉकेट निघाला, तर इलेक्ट्रिशियनकडून तो मेनच्या वेगळ्या लाइनवर घेऊन टाका.