उशिरा सुटलेल्या टाइमरची तक्रार (क्लाउड संगणन)

क्लाउडवर ठरावीक वेळी आपोआप चालायला लावलेले काम काही तास उशिरा चालले, की ग्राहक लॉगमधल्या वेळा जोडून सेवादात्याकडे लेखी तक्रार करतो. ती बहुधा सपोर्ट टिकिटाच्या रूपात जाते. ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या, युनिक्सवरच्या जुन्या क्रॉनमध्ये घड्याळ आणि काम एकाच यंत्रावर असत, त्यामुळे शोधाशोध तिथल्या तिथे संपे. क्लाउडमध्ये वेळ झाल्याचे एक यंत्रणा ओळखते, निरोप दुसरी पोचवते आणि काम तिसरीकडे चालते. म्हणून काम उशिरा चालले हे दाखवणे सोपे असते. उशीर नेमका कोणत्या टप्प्यावर झाला हे दाखवणे अवघड असते, आणि तक्रारीचा निकाल त्यावरच ठरतो.

भारतातून जाणाऱ्या तक्रारींत एक गोष्ट सर्वांत आधी पाहावी लागते. बहुतेक सेवांचे वेळापत्रक मुळात यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत वाचले जाते आणि भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. रात्री दोनसाठी लावलेले काम रोज बरोबर साडेसातला चालत असेल, तर तो उशीर नव्हे, वेळापत्रक लिहिताना झालेली चूक आहे. ओळखायची खूण म्हणजे फरक दररोज नेमका ५ तास ३० मिनिटांचाच निघतो. खरा उशीर इतका नीटनेटका नसतो. तो एके दिवशी येतो, दुसऱ्या दिवशी येत नाही, आणि त्याचे मिनिट-सेकंद वेडेवाकडे असतात.

मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युर फंक्शन्स या सेवेतल्या टाइमरचे एक नमुना उदाहरण घेऊ. दिवसाच्या बिलांचा गोषवारा मध्यरात्रीनंतर दोन वाजता तयार व्हावा, म्हणून यूटीसीत २०:३० ही वेळ लावली आहे. या सेवेत क्रॉनच्या पाच रकान्यांआधी सेकंदाचा सहावा रकाना असतो, म्हणून वेळापत्रक `0 30 20 * * *` असे लिहिले जाते. सकाळी कार्यालय उघडल्यावर गोषवारा नसल्याचे दिसते. तो येतो सव्वानऊच्या सुमारास. लॉगमध्ये यूटीसी वेळेच्या या ओळी सापडतात:

```
03:42:05 Host started
03:42:11 Executing 'Functions.DailyBill'
  (Reason='Timer fired at 2025-03-11T03:42:11+00:00')
Trigger Details: UnscheduledInvocationReason: IsPastDue,
  OriginalSchedule: 2025-03-10T20:30:00+00:00
```

शेवटची नोंद सर्वांत मोलाची. `OriginalSchedule` म्हणजे काम व्हायला हवे होते ती वेळ, आणि `IsPastDue` म्हणजे ती वेळ टळून गेल्याची प्रणालीनेच दिलेली कबुली. दोन वेळांची वजाबाकी ७ तास १२ मिनिटे ११ सेकंद येते. एवढ्यावर बरेच जण तक्रार पाठवून मोकळे होतात, आणि फसतात ते इथेच. खरी गोष्ट वरच्या ओळीत आहे. टाइमर सुटण्याच्या फक्त सहा सेकंद आधी होस्ट सुरू झाला. म्हणजे रात्रभर टाइमर रेंगाळत नव्हता, त्याला चालवणारी प्रक्रियाच झोपलेली होती. आणखी मागे गेल्यास ०३:४२ च्या जरा आधी त्याच ॲपमधल्या दुसऱ्या फंक्शनला एचटीटीपी विनंती आल्याचे दिसते. सकाळी कुणीतरी डॅशबोर्ड उघडला, त्याने होस्ट जागा झाला, आणि जागे होताच त्याने हुकलेला टाइमर चालवला.

आता प्रश्न उरतो तो होस्टला वेळेवर उठवायचे काम कोणाचे होते हा. ॲप जर ॲप सर्व्हिस प्लॅनवर असेल, तर `Always On` चालू ठेवणे ग्राहकाच्या हाती असते. ते बंद असल्यास काही वेळ वर्दळ नसली की रनटाइम निद्रिस्त होतो आणि त्याला फक्त एचटीटीपी विनंतीच उठवते, असे दस्तऐवजातच म्हटले आहे. अशी तक्रार एका उत्तरात बंद होते. पण तेच ॲप कन्झम्प्शन प्लॅनवर, म्हणजे वापरापुरते पैसे आकारणाऱ्या योजनेवर असेल, तर टाइमरची वेळ पाहून होस्ट उठवण्याचे काम सेवादात्याच्या स्केल कंट्रोलरचे असते. तिथे याच लॉगच्या ओळींना वेगळे वजन येते. त्यावरही एक प्रतिप्रश्न येतोच: ट्रिगरची, म्हणजे फंक्शन कशाने सुरू व्हायचे याची माहिती त्या कंट्रोलरपर्यंत पोचली होती का? एफटीपीएस किंवा लोकल गिटने कोड चढवल्यास ट्रिगर हाताने सिंक करावे लागतात. ते राहिले असल्यास दोष पुन्हा ग्राहकाकडे वळतो.

एडब्ल्यूएस लॅम्ब्डात हाच घोळ निराळ्या जागी होतो. तिथे वेळापत्रकाची घंटा वेळेवर वाजते, पण निरोप फंक्शनच्या अंतर्गत रांगेत अडकतो. एकाच वेळी किती प्रती चालू शकतात याची मर्यादा भरलेली असेल, तर लॅम्ब्डा तो निरोप पुन्हा पुन्हा चालवून पाहते, आणि मुळातली सेटिंग असल्यास हे ६ तासांपर्यंत चालते. निरोपातल्या `time` या रकान्यात नियत वेळ असते, तर लॉगमधल्या `START` ओळीला प्रत्यक्ष सुरुवातीची वेळ असते. `AsyncEventAge` या मापाचा आलेख त्या काळात चढलेला दिसला, तर शेड्यूलरविरुद्ध तक्रार करण्यात अर्थ नाही. खात्यातली मर्यादा पाहावी.

पुरावा म्हणून वेळा देताना आणखी एक भेद सांभाळावा लागतो. लॉगच्या प्रत्येक नोंदीला घटना घडल्याची एक वेळ आणि ती साठ्यात पोचल्याची दुसरी वेळ असते. ॲझ्युरमध्ये पहिली `TimeGenerated` मध्ये दिसते, दुसरी `ingestion_time()` ने काढता येते. एडब्ल्यूएसच्या क्लाउडवॉच या लॉग सेवेत त्यांना `timestamp` आणि `ingestionTime` म्हणतात. क्वचित काम वेळेवर झालेले असते आणि लॉगच उशिरा पोचतो. तो पाहून काढलेला निष्कर्ष साफ चुकतो. ईमेल सूचनेचा किंवा पडद्याचा स्क्रीनशॉट म्हणूनच दुबळा पुरावा ठरतो. त्यावरची वेळ कोणत्या घड्याळाची आणि कोणत्या टाइमझोनची, हे समोरच्याला कळत नाही.

चांगल्या तक्रारीचा गाभा चार-पाच वाक्यांत बसतो. वरच्या उदाहरणातले ॲप कन्झम्प्शन प्लॅनवर आहे असे धरल्यास मजकूर साधारण असा होईल: “१० मार्च २०२५ रोजी २०:३०:०० यूटीसीला नियत असलेला टाइमर ११ मार्चला ०३:४२:११ यूटीसीला सुटला. लॉगमध्ये `IsPastDue` नोंद आहे. दरम्यानच्या काळात होस्ट सुरू झाल्याची एकही नोंद नाही. ती पहिल्यांदा ०३:४२:०५ ला येते. ट्रिगर सिंक केल्याची नोंद सोबत आहे. २०:३० च्या सुमारास स्केल कंट्रोलरने या ॲपबाबत काय निर्णय घेतला, ते कळवावे.” सोबत प्रदेश, ॲपचे आणि फंक्शनचे नाव आणि त्या खेपेला प्रणालीने दिलेला इन्व्होकेशन आयडी द्यावा. आयडी नसल्यास सेवादात्याच्या अभियंत्याला आपल्या बाजूच्या नोंदीत ती खेप शोधणे अवघड जाते. मुद्दा असा की तक्रार “उशीर का झाला?” असे मोघम विचारत नाही, ग्राहकाला न दिसणारा एकच तुकडा मागते. `SCALE_CONTROLLER_LOGGING_ENABLED` ही सेटिंग आधीच चालू केलेली असेल, तर तो तुकडाही बराचसा ग्राहकाच्या हाती असतो. घटनेनंतर ती चालू करून मागची रात्र मिळत नाही.

तक्रार मान्य झाली तरी पदरात काय पडते, हे सेवा कराराच्या शब्दांवर अवलंबून असते. असे करार सहसा सेवेच्या उपलब्धतेची टक्केवारी मोजतात आणि भरपाई पुढच्या बिलातल्या क्रेडिटच्या रूपात देतात. हुकलेल्या गोषवाऱ्यामुळे झालेले नुकसान त्यात धरत नाहीत. काही सेवा तर वक्तशीरपणाचे वचनच देत नाहीत. गिटहब ॲक्शन्सच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिले आहे की भार जास्त असताना, विशेषतः प्रत्येक तासाच्या सुरुवातीला, नियोजित कामे लांबू शकतात आणि काही गळूही शकतात. तिथे लॉग कितीही चोख असला, तरी तो वचनभंगाचा पुरावा होत नाही. जाणकार मंडळी अशा ठिकाणी वेळापत्रकात ० ऐवजी १७ किंवा ४३ असे आडनिडे मिनिट टाकतात.