मराठी एसएमएस सत्तर जागांवरच का तुटतो

जायकवाडीच्या डाव्या कालव्यावरच्या एखाद्या पाणी वापर संस्थेचा सचिव सभासदांना पाणीपाळीचा एसएमएस पाठवतो. काहींच्या फोनवर तो पूर्ण दिसतो, काहींच्या फोनवर मधेच संपतो, आणि बिल मात्र तिप्पट येतं. दोष ना नेटवर्कचा असतो ना सचिवाचा. त्याचं मूळ १९८५ सालच्या जर्मनीत आहे.

फोनवर बोलणं सुरू नसतानाही मोबाइल आणि टॉवर यांच्यात छोटे निरोप चालू असतात: फोन कुठे आहे, कॉल येतोय का, रिंग वाजवायची का. ही वाट आधीपासून होतीच. तिच्यातूनच मजकूर पाठवावा, असा विचार जीएसएम या मोबाइल पद्धतीचे नियम ठरवणाऱ्या गटात झाला. पण वाट अरुंद होती, तिथे एका निरोपाला १४० बाइटच मिळाले. फ्रीडहेल्म हिलेब्रांड या जर्मन अभियंत्याने बॉनमध्ये टाइपरायटरवर साधी वाक्यं टाइप करून अक्षरं मोजली आणि पोस्टकार्डं व टेलेक्सचे निरोपही पाहिले. बहुतेक मजकूर १६० अक्षरांत मावत होता. एका रोमन अक्षराला ७ बिट दिले की १४० बाइटमध्ये, म्हणजे ११२० बिटमध्ये, बरोबर १६० अक्षरं बसतात. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये गेला. त्यात फक्त नाताळच्या शुभेच्छा होत्या, त्यामुळे मर्यादेचा प्रश्नच आला नाही.

देवनागरी त्या ७ बिटांच्या अक्षर-तक्त्यात नव्हती. ती पाठवताना एका जागेला, म्हणजे एका खुणेला, १६ बिट लागतात. ११२० ला १६ ने भागा, ७० येतात. पुढे मोबाइलचे नियम ठरवणाऱ्या ३जीपीपी या गटाच्या मानकात हिंदीसह काही भारतीय भाषांसाठी ७ बिटांचे तक्ते आले, पण व्यवहारात मराठी एसएमएस अजून १६ बिटांनीच जातो.

मराठी माणूस मोजतो तशी ही ७० ‘अक्षरं’ नाहीत. जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक खुणेला क्रमांक देणाऱ्या युनिकोडने देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्की या भारतीय संकेतावरून घेतली आणि त्यात काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त प्रत्येकाला स्वतंत्र जागा आहे. ‘च्या’ आपल्याला एक अक्षर वाटतं, पण च, हलन्त, य आणि काना मिळून ४ जागा जातात. मराठीचा आणखी एक खास त्रास म्हणजे ‘शेतकऱ्यांनी’मधला ऱ्य. काही कीबोर्ड त्यासाठी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर टाकतात, तेव्हा शब्द ११ जागांचा होतो. काही कीबोर्ड साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण टाकतात, तेव्हा तोच शब्द १२ जागांचा होतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात.

मजकूर ७० च्या पुढे गेला की यंत्रणा त्याचे भाग पाडते. भाग पुन्हा जोडता यावेत म्हणून प्रत्येकाच्या सुरुवातीला ६ बाइटचा शिक्का मारावा लागतो:

```
05 00 03 A7 03 01
```

यातला A7 हा त्या संदेशाचा जुळणी क्रमांक, त्यापुढचा 03 म्हणजे एकूण भाग तीन, आणि शेवटचा 01 म्हणजे हा पहिला. या शिक्क्याची जागा १४० बाइटमधूनच कापली जाते. उरतात १३४, म्हणजे मराठीच्या ६७ जागा. म्हणून ७० जागांचा संदेश एकात जातो, पण ७१ झाल्या की दोन भाग होतात आणि प्रत्येकात ६७ च जागा मिळतात.

आता सचिवाचा संदेश पाहू:

```
डावा कालवा पाणीपाळी सोमवारी सकाळी ६ वाजता सुटेल. वितरिका ४२ च्या सभासदांनी रविवारपर्यंत पाणीपट्टी भरावी. पावती नसेल तर दार उघडणार नाही.
```

मोकळ्या जागा धरून हा १३५ चा आहे. दोन भागांत १३४ मावतात, त्यामुळे तिसऱ्या भागात शेवटचा एकटा पूर्णविराम जातो. पाचशे सभासद असतील तर पाचशे पूर्णविरामांचे पैसे पडतात! पहिल्या भागाची ६७वी जागा ‘सभासदांनी’मधल्या ‘भ’वर संपते आणि त्याचा काना दुसऱ्या भागात जातो. फोनने भाग नीट जोडले तर हे कोणाला कळतही नाही. पण एसएमएस नेटवर्ककडे सोपवणाऱ्या गेटवेने शिक्का न मारता भाग सुटे पाठवले, तर दुसरा संदेश ठिपक्यांच्या वर्तुळावर चिकटलेल्या कान्याने सुरू होतो. आणि एखादी यंत्रणा भाग पाडतच नसेल, तर ती ७०व्या जागेवर, ‘सभासद’पाशी, थांबते. सभासदाला पाणी कधी सुटणार ते कळतं, पट्टी भरायची आहे हे कळतच नाही.

तुटकं टोक पाहून दोष ओळखता येतो. ठिपक्यांचं वर्तुळ दिसलं तर मजकूर जागांच्या हिशेबाने चिरला गेला आहे. काळ्या चौकोनात प्रश्नचिन्ह दिसलं तर कुठेतरी बाइट मोजून कापणी झाली आहे. संगणकात साठवताना वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीची एकेक खूण ३ बाइट घेते. डेटाबेसमधला रकाना १६० बाइटचा ठेवला असेल तर साधारण साठीच्या आतबाहेर मजकूर संपतो, तोही कधी एका खुणेच्या मधोमध. अशा वेळी मोबाइल कंपनीकडे तक्रार करून उपयोग नाही. मजकूर संस्थेच्या सॉफ्टवेअरमध्येच कापला गेलेला असतो.

यंत्रणेने चिरण्यापेक्षा स्वतः दोन संदेश करणं बरं, मात्र प्रत्येक संदेश दुसऱ्याशिवाय समजला पाहिजे. ज्याची मुदत आधी संपते तो आधी पाठवावा:

```
(१/२) वितरिका ४२: पाणीपट्टी रविवारपर्यंत भरा. पावतीविना दार बंद.
(२/२) पाणीपाळी: डावा कालवा, वितरिका ४२. सोमवारी सकाळी ६ ला सुटेल.
```

पहिला ६४ चा, दुसरा ६५ चा. दोघांतही वितरिकेचा क्रमांक आहे. तो पुन्हा लिहायला १० जागा जातात, पण दुसरा आधी पोचला किंवा पहिला पोचलाच नाही, तरी हाती आलेला संदेश कोणासाठी आहे हे कळतं. ‘वरीलप्रमाणे’ किंवा ‘सदर’ असे शब्द अशा तुकड्यांत घालू नयेत, कारण ‘वर’ काही असेलच याची खात्री नसते.

मोजणीसाठी एक्सेलच्या एका घरात मजकूर ठेवून शेजारी `=LEN(A1)` लिहिलं की देवनागरीच्या जागांचा आकडा मिळतो. इमोजी सहसा दोन जागा खातो, ते टाळावेतच. मजकूर रोमनमध्ये असेल तर १६० ची मुभा आहे, पण त्यात एकच ‘६’ देवनागरीत पडला की अख्खा संदेश ७० च्या हिशेबात जातो.

साच्यात गावाचं नाव आपोआप भरलं जात असेल, तर मोजणी सगळ्यांत लांब नावावर करावी. ‘बीड’ ३ जागांचं आहे, ‘औरंगाबाद’ ८ जागांचं होतं, ‘छत्रपती संभाजीनगर’ १७ जागांचं आहे. जुन्या नावासह ६३ जागांत बसणारा साचा २०२३ च्या नामांतरानंतर ७२ वर गेला आणि एकाचे दोन संदेश झाले. बीडच्या नावावर चाचणी घेणाऱ्याला ते दिसलं नसतं, तिथे आकडा ५८ च येतो.