घरगुती खाद्य व्यवसायाचा अर्ज : ‘उत्पादन व कामकाज’ विभाग नेमका कुठे अडकतो

कर्जासाठी किंवा अनुदानासाठी दिलेल्या व्यवसाय आराखड्यात हा विभाग जेमतेम दोन पानांचा असतो, पण सर्वाधिक शेरे त्यावरच पडतात. व्यवसायाचे नाव, पत्ता, कामाचे तास, माणसे किती हे सरळ लिहून मोकळे व्हा. अडते ते क्षमतेच्या आकड्यावर, कारण कच्चा माल, तपासणी आणि परवाना हे सगळे त्याच आकड्यावरून पडताळले जाते.

बिस्किटांचेच उदाहरण घ्या. एक माणूस, एक ओव्हन, कामाचे ६ तास. ओव्हनमध्ये दोन ट्रे, प्रत्येकी २४ बिस्किटे, म्हणजे एका घाण्याला ४८. भाजायला १५ मिनिटे आणि काढ-घाल ५ मिनिटे धरली तर तासाला तीन घाणे, १४४ बिस्किटे. याला ६ ने गुणून अर्जदार ८६४ बिस्किटे, म्हणजे १२ची ७२ पाकिटे असे बिनदिक्कत लिहितो. तपासणाऱ्याला हे एका नजरेत कळते, कारण या हिशेबात पीठ मळणे, ओव्हन तापवणे, गार करणे, पाकिटे भरणे, भांडी घासणे यांपैकी काहीच नाही.

खरा हिशेब गार करायच्या जाळीवर ठरतो. गरम बिस्किट पाकिटात भरले की आत वाफ धरते, बिस्किट मऊ पडते आणि पुढे बुरशी येते. जाळीवर ४८ बिस्किटे मावत असतील आणि गार व्हायला ४० मिनिटे लागत असतील, तर ओव्हन कितीही मोकळा असला तरी तासाला ७२च निघणार. सुरुवातीचा तास मळण्यात व तापवण्यात जातो, शेवटचा भरण्यात व सफाईत. मधल्या ४ तासांत २८८ बिस्किटे होतात. तुटफूट ५ टक्के वजा केली की उरतात साधारण २७३, म्हणजे २२ पाकिटे. ७२ नव्हे, २२!

दुसरी जाळी घेतली तर बिस्किटे दुप्पट होतील आणि ४५ पाकिटे लिहावीशी वाटतील. पण वजन, सील आणि लेबल यांना पाकिटामागे २ मिनिटे लागतात, म्हणजे ४५ पाकिटांना दीड तास; शेवटच्या तासात ते बसत नाही. कच्च्या पिठाचे हात लागतात म्हणून भाजणे चालू असताना भरणेही नको. वाढ दाखवायचीच असेल तर जाळीबरोबर मदतनीसही दाखवा आणि त्याचा पगार खर्चाच्या पानावर धरा.

आता पुरवठादार. बिस्किटाला १५ ग्रॅम कच्चे पीठ लागते आणि त्यात निम्मा मैदा असतो असे धरले तर रोज २ किलोहून थोडा जास्त आणि पाच दिवसांच्या आठवड्याला सुमारे ११ किलो मैदा लागेल. ५० किलोचे पोते साडेचार आठवडे पुरेल. ते कुठे ठेवणार तेही लिहा. प्रत्येक मुख्य मालासाठी पुरवठादार, पर्यायी पुरवठादार, माल यायला लागणारे दिवस आणि कमीत कमी खरेदी एवढे पुरे. सहसा कुणाकडेच नसते ते लॉट क्रमांक असलेले बिल. सुटा माल घेतला की ते मिळत नाही, आणि मग खराब निघालेला मैदा कोणत्या पाकिटांत गेला हे सांगता येत नाही. अर्जाआधीच्या दोन-तीन खरेद्या तरी बिलावर करा. पर्यायी पुरवठादाराचा मैदा किंवा लोणी वेगळ्या घटकांचे असेल तर लेबलही बदलावे लागते, हे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही.

‘स्वच्छतेची पूर्ण काळजी घेतली जाईल’ हे वाक्य कुणी वाचत नाही. त्याऐवजी नोंदवहीचे एक भरलेले पान जोडा : तारीख, घाणा क्रमांक, मैद्याचा लॉट, ओव्हनचे तापमान, भरण्याची वेळ, सही. रोजच्या उत्पादनातले एक पाकीट मुदत संपेपर्यंत नमुना म्हणून बाजूला ठेवता असेही लिहा. अर्थात तेही विक्रीच्या आकड्यातून वजा करा. २२ची २१ झाली.

परवान्याबाबत पहिली गल्लत म्हणजे अर्जाची पोचपावती जोडणे. ती परवाना नव्हे. हाती काय आहे आणि कशासाठी नुसता अर्ज केला आहे, हे वेगळे लिहा. घर भाड्याचे असेल तर मालकाची लेखी संमती लागू शकते. ती मिळायला परवान्याहून जास्त वेळ जाऊ शकतो, म्हणून आधी तिच्या मागे लागा. परवान्यावरचा पत्ता आणि अर्जातला पत्ता अक्षरशः एकच हवा. विक्रीनुसार परवान्याचा वर्ग ठरत असेल, तर विक्रीच्या अंदाजाचे पान त्या वर्गात बसते का ते पाहा. मुदत संपण्याची तारीख ही नूतनीकरणाच्या अर्जाची तारीख नसते. तो अर्ज त्याआधीच करायचा असतो.

आणि पदार्थांच्या यादीत ‘इत्यादी’ लिहू नका. कोरडे बिस्किट बाहेर टिकते, पण त्यात दुधाची साय किंवा ताजे क्रीम भरले की ते थंड ठेवावे लागते, आणि असे पदार्थ घरच्या स्वयंपाकघरात बनवून विकायला अनेक ठिकाणी परवानगीच नसते. त्या एका शब्दापायी अख्खा अर्ज खुलाशासाठी परत येतो.