समायोजित नफा (उद्योग खरेदी)

चालू उद्योग विकत घेताना नफा-तोटा पत्रकातल्या नफ्यातून एकदाच घडलेले जमाखर्च बाजूला काढून उरणारा, दरवर्षी मिळू शकणारा नफा म्हणजे समायोजित नफा. किंमत बहुधा या नफ्याच्या काही पटीत ठरते. त्यामुळे एका लाखाची चूक किमतीत तितक्याच पटीने वाढते.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका काल्पनिक भागीदारी कारखान्याचे उदाहरण घेऊ. व्याज, कर व घसारा यांपूर्वीचा नफा १२० लाख रुपये दाखवला आहे. ‘इतर उत्पन्न’ या खात्याची खतावणी उघडली की त्यात जुनी सीएनसी मशीन विकून झालेला १८ लाखांचा नफा आणि सरकारी प्रोत्साहन अनुदानाची मागील वर्षांची २२ लाखांची थकबाकी सापडते. दोन्ही वजा होतात. भंगारविक्री मात्र तशीच ठेवावी, कारण लोखंड कापले की कीस पडतोच. जुना कोर्टातला वाद मिटवायला दिलेले ७ लाख पुन्हा येणार नाहीत, म्हणून ते नफ्यात मिळवले जातात. नफा ८७ लाखांवर येतो.

खरी रस्सीखेच बुडीत येणीवरून होते. विक्रेता म्हणतो, यंदाचे ८ लाख अपवादात्मक आहेत, नफ्यात मिळवा. मागच्या तीन वर्षांची पत्रके पाहिली तर ६, ९ आणि ७ लाख बुडालेले दिसतात. दरवर्षी होणारा तोटा अपवाद नसतो. हे ८ लाख मिळवू नयेत. कोणतीही रक्कम ‘एकदाच’ म्हणण्याआधी किमान तीन वर्षांची खतावणी, मूळ बिल आणि बँकेतली नोंद जुळवावी. आगीचा खर्च मिळवला, पण त्याच आगीची विमा भरपाई उत्पन्नातच राहू दिली, ही दुहेरी मोजणी वारंवार आढळते.

यानंतर मालकाशी निगडित बाबी येतात. त्या एकदाच घडणाऱ्या नसतात, पण खरेदीनंतर बदलतात. भागीदारांचे वेतन सहसा आयकरातील मर्यादा पाहून लिहिलेले असते, कामाचा बाजारभाव पाहून नव्हे. इथे कारखाना सांभाळणारा भागीदार वेतनच घेत नाही. त्याच्या जागी व्यवस्थापक ठेवायला वर्षाला १५ लाख लागतील असे धरू. शेड भागीदाराच्या पत्नीच्या नावावर आहे, भाडे महिना २० हजार. बाजारभाव ७० हजार असेल, तर वर्षाला ६ लाख आणखी वजा होतात. उरतात ६६ लाख.

पाचपट दराने १२० लाखांवर किंमत ६ कोटी झाली असती. ६६ लाखांवर ती ३ कोटी ३० लाख होते. कर्ज आणि हातातली रोकड यांचा हिशोब त्यापुढे वेगळा करावा लागतो.

या हिशोबाला एक मर्यादा आहे. सगळी विक्री एकाच मोठ्या वाहन कंपनीला होत असेल, तर ६६ लाख अचूक असूनही टिकतीलच असे नाही. ती जोखीम नफ्यातून वजा करू नये. किंमत ठरवताना पट कमी करावी, किंवा रकमेचा काही भाग पुढच्या वर्षाच्या ऑर्डरवर अवलंबून ठेवावा.